डब्यावर ऑगस्ट, संगणकात सप्टेंबर

औषधांचा साठा सांभाळणारं एक सॉफ्टवेअर मी दीड वर्ष लिहीत होतो. ते पुरं व्हायच्या आत मला दुसऱ्या कामावर जावं लागलं आणि माझी जागा आमच्याच टीममधल्या एका मुलीनं घेतली. जाण्यापूर्वी मी तिच्यासाठी एक टिपण लिहिलं. आमच्या धंद्यात त्याला ‘हँडओव्हर नोट’ म्हणतात. कुठे काय आहे, काय बिघडलेलं आहे आणि काय अजून व्हायचं आहे, हे त्यात असतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात चौदा दोष ओळीनं लिहिले होते. त्यात सातव्या क्रमांकावर हे होतं: ‘एक्स्पायरी महिन्याच्या पहिल्या तारखेला लागते, शेवटच्या तारखेला लागायला हवी. सोपं आहे, अर्ध्या तासाचं काम.’

ही ओळ तशीच राहिली असती आणि तिनं ते अर्ध्या तासाचं काम केलं असतं, तर मुदत संपलेली औषधं महिनाभर विकली गेली असती. दोष मला बरोबर दिसला होता आणि त्यावरचा उपायही मी बरोबर लिहिला होता. चुकलं ते एवढंच, की त्या दोषासोबत जगायला गोदामातली माणसं काय करत होती, ते मला ठाऊक नव्हतं.

मामांचा पुढचा महिना

आधी धंदा कसा चालतो ते सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी एक स्टॉकिस्ट आहेत. औषध कंपन्यांकडून माल घ्यायचा आणि आसपासच्या तालुक्यांतल्या केमिस्टना पुरवायचा, हे त्यांचं काम. एकाच गोळीचे चार-पाच लॉट एकाच वेळी गोदामात असतात. प्रत्येक लॉटला बॅच नंबर असतो आणि प्रत्येक बॅचची मुदत वेगळी असते. त्यामुळे ‘ही गोळी किती आहे’ एवढं विचारून भागत नाही, ‘या बॅचची किती आहे’ असं विचारावं लागतं. ज्या बॅचची मुदत आधी संपते ती आधी बाहेर काढायची, हा गोदामाचा पहिला नियम.

औषधाच्या डब्यावर मुदत छापलेली असते ती फक्त महिना आणि वर्षाची, उदाहरणार्थ ०८/२०२६. आपल्याकडच्या औषध नियमांप्रमाणे याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत, औषध वापरता येतं. संगणकाला मात्र नुसता महिना साठवता येत नव्हता. तारखेच्या रकान्याला दिवस हवाच होता. सुरुवातीच्या घाईत मी तिथे सरसकट १ टाकला. त्यामुळे `expiry_date` या रकान्यात `2026-08-01` जाऊन बसलं आणि १ ऑगस्टच्या सकाळी बिल करायला गेलं की पडदा म्हणायचा, बॅचची मुदत संपली.

बहुतेक वेळा कुणाचं अडत नसे, कारण मुदत जवळ आलेला माल केमिस्ट सहसा घेतच नाहीत. पण एखादं कमी खपाचं इंजेक्शन असतं. गावात दुसरीकडे कुठे ते मिळत नाही आणि पेशंट दवाखान्यात झोपलेला असतो. अशा वेळी डबा हातात, त्याची मुदत अजून तीन आठवडे शिल्लक, आणि बिल होत नाही. गोदाम सांभाळणारे मामा तिथे पंचवीस वर्षं काम करतात. त्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. बॅचची नोंद उघडायची, ०८ च्या जागी ०९ करायचं आणि बिल मारायचं. काही महिन्यांनी त्यांनी तोही त्रास वाचवला. माल आत घेतानाच ते छापलेल्या महिन्याच्या पुढचा महिना टाकू लागले. त्यांचा मदतनीस मात्र छापलेलाच महिना टाकत राहिला, कारण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता माझी सातव्या क्रमांकाची ओळ पुन्हा वाचा. नव्या मुलीनं कोड बदलून मुदत महिन्याच्या शेवटच्या तारखेला नेली असती. मदतनिसानं नोंदवलेली बॅच ३१ ऑगस्टला बंद झाली असती, ते बरोबरच होतं. पण मामांनी नोंदवलेली तीच मुदतीची बॅच ३० सप्टेंबरपर्यंत विकायला मोकळी राहिली असती. डब्यावर ऑगस्ट, संगणकात सप्टेंबर. कुठलीही चाचणी हे पकडू शकली नसती, कारण कोड अगदी बरोबर होता. चुकीची होती ती आत भरलेली माहिती, आणि ती चुकीची भरली गेली होती माझ्याच चुकीला सांभाळून घेण्यासाठी.

हे मला कळलं ते निव्वळ योगायोगानं. शेवटच्या आठवड्यात मी त्या मुलीला गोदाम दाखवायला नेलं. तिनं एक डबा उचलला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मामा, इथे ऑगस्ट छापलंय, मग संगणकात सप्टेंबर का?” मामा सहज म्हणाले, “अगं, एक महिना पुढंच टाकायचं असतं.” दीड वर्षात मी मामांना हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

त्या संध्याकाळी मी टिपण फाडून नव्यानं लिहायला घेतलं.

दोष नोंदवायचे पाच रकाने

नव्या टिपणात प्रत्येक दोषाखाली मी पाच गोष्टी लिहिल्या. वापरणाऱ्याला काय दिसतं, तो दोष मुद्दाम घडवून कसा बघायचा, त्याचं कारण काय, लोक सध्या तो कसा टाळतात, आणि तो दुरुस्त केला तर आणखी काय मोडेल. पहिले तीन रकाने कुठल्याही दोषयादीत सापडतात. शेवटचे दोन बहुधा नसतात, कारण ते कोड वाचून भरता येत नाहीत. त्यासाठी गोदामात जाऊन उभं राहावं लागतं.

एक्स्पायरीच्या दोषाखाली पाचव्या रकान्यात मी दुरुस्तीचा क्रम लिहिला. आधी कोड बदलला तर मुदत संपलेला माल विकला जाईल. आधी नोंदी सुधारल्या आणि कोड जुनाच ठेवला तर चांगल्या मालाचं बिल अडेल आणि मामा पुन्हा पुढचा महिना टाकायला लागतील. म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी, बिलिंग बंद असताना, रविवारी करायची. कुठल्या नोंदी खऱ्या आणि कुठल्या पुढे ढकललेल्या, हे संगणक सांगू शकत नाही. कोणत्या नोंदीत कुणी कधी बदल केला याचा इतिहास ठेवायचं काम मी सुरूच केलेलं नव्हतं. पण कंपनीच्या बिलावर बॅच नंबरासोबत मुदतही छापलेली असते आणि ती बिलं फायलीत आहेत. त्यामुळे बरीचशी पडताळणी टेबलाशी बसून करता येईल. ज्यांची बिलं सापडणार नाहीत, तेवढेच डबे रॅकवर जाऊन वाचायचे. तोवर रोजच्या कामाला एक नियम: महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर विसंबायचं नाही, डब्यावरचं छापील वाचून माल बाजूला काढायचा.

अर्ध्या तासाचं काम असं दीड पानांचं झालं.

तीन आकडे, आणि कोणावर भरवसा

टिपणाच्या अगदी वर, दोषांच्याही आधी, मी आणखी एक गोष्ट लिहिली. या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बॅचचे तीन आकडे असतात. पहिला रॅकवरचा, प्रत्यक्ष मोजलेला. दुसरा खतावणीचा. माल आला, गेला, परत आला, अशी प्रत्येक हालचाल `stock_ledger` नावाच्या तक्त्यात एकेका ओळीनं नोंदली जाते आणि त्या ओळींची बेरीज-वजाबाकी केली की हा आकडा मिळतो. तिसरा पडद्यावर दिसणारा शिल्लक आकडा. दर वेळी सगळी खतावणी जोडत बसायला नको, म्हणून तो वेगळा साठवून ठेवलेला असतो. तिन्ही आकडे सारखे असायला हवेत. ते सारखे नसतील तेव्हा भरवसा ठेवायचा तो याच क्रमानं: रॅक, खतावणी, आणि सगळ्यात शेवटी पडदा.

हा क्रम एवढ्यासाठी सांगतो, की कोणते दोन आकडे जुळत नाहीत त्यावरून दोष कुठला ते ओळखता येतं. डॉक्टर नाडी धरून पुढची तपासणी ठरवतो, तसंच काहीसं.

समजा, खतावणी आणि पडदा यांच्यातच मेळ नाही. मग दोष दोन काउंटरचा. एका बॅचच्या १५ स्ट्रिप शिल्लक आहेत. पहिल्या काउंटरवर १० स्ट्रिपचं बिल होतंय आणि त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर ८ स्ट्रिपचं. पहिला संगणक शिल्लक वाचतो, १५. दुसराही वाचतो, १५. पहिला १० वजा करून ५ लिहितो. दुसरा ८ वजा करून ७ लिहितो, आणि पहिल्यानं लिहिलेले ५ पुसले जातात. दोघांनाही आपापलं बिल बरोबर वाटतं. बिलं झाली १८ स्ट्रिपची, माल होता १५ स्ट्रिपचा, आणि पडद्यावर अजून ७ शिल्लक दिसताहेत. रॅक रिकामा आहे.

शिल्लक उणे झाली असती तर कुणाच्या तरी नजरेला आली असती. ७ हा आकडा मात्र अगदी साळसूद दिसतो. खतावणीनं तो पकडता येतो, कारण तिथे दोन्ही बिलांच्या दोन्ही ओळी शाबूत असतात: १५ वजा १० वजा ८, म्हणजे उणे ३. पडदा म्हणतो ७ आणि खतावणी म्हणते उणे ३. ही जोडी दिसली की त्या बॅचच्या बिलांच्या वेळा बघायच्या. दोन बिलं एकाच सेकंदाची सापडतात.

यावरचा उपाय पुस्तकात सापडेल असा आहे. वाचणं, वजा करणं आणि लिहिणं ही तीन पावलं वेगवेगळी न ठेवता डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायची आणि त्यालाच अट जोडायची:

```sql
UPDATE batch_stock
SET qty = qty - 8
WHERE batch_id = 4127 AND qty >= 8;
```

याचा अर्थ असा: ४१२७ या बॅचमध्ये निदान ८ असतील तरच ८ वजा कर. पहिल्या काउंटरनं १० नेल्यावर ५ उरतात. ८ ची अट पुरी होत नाही, म्हणून एकही ओळ बदलत नाही आणि दुसऱ्या काउंटरला ‘माल नाही’ असं ताबडतोब कळतं.

मग मी ते केलं का नाही? चौथ्या रकान्यामुळे. सकाळी सात वाजता ट्रान्सपोर्टची गाडी येते. कंपनीचं बिल त्याच पार्सलात असतं, पण ते संगणकात भरायला दहा-साडेदहा वाजतात. तालुक्याला जाणारी डिलिव्हरीची गाडी मात्र नऊला सुटते. म्हणून आत आलेला, पण अजून नोंदवलेला नसलेला माल सकाळी बेधडक बिलात घेतला जातो. शिल्लक दोन तास उणे राहते आणि साडेदहाला भरून निघते. त्या धंद्यात उणे शिल्लक म्हणजे नेहमीच चूक नाही. ‘माल आलाय, कागद व्हायचाय’ असाही तिचा अर्थ असतो. वरची अट लावली, तर पहिल्याच सकाळी नऊची गाडी दारात उभी राहील आणि दुपारपर्यंत मालक जुनं सॉफ्टवेअर परत मागतील.

म्हणून टिपणात लिहिलं: आधी ‘माल आला, बिल भरायचं बाकी’ अशी कच्च्या आवकेची सोय कर, बॅच नंबर आणि नग एवढंच घेणारी. मामांच्या हाताला तिची सवय होऊ दे. मगच अट लाव. दरम्यान वजाबाकी एका वाक्यात करायला हरकत नाही, फक्त `AND` नंतरचा भाग आत्ता नको. तेवढ्यानं पडदा निदान उणे ३ दाखवेल, खोटे ७ दाखवणार नाही.

आता दुसरी शक्यता. खतावणी आणि पडदा जुळतात, पण रॅकवर माल कमी आहे, आणि फरक बरोबर एका खरेदी बिलाएवढा. १०० स्ट्रिप आल्या, रॅकवर १००, आणि दोन्ही आकडे म्हणतात २००. हा दोष दोनदा दाबलेल्या बटणाचा. आवक भरताना इंटरनेट अडखळतं, पडदा फिरत राहतो, माणूस पुन्हा ‘सेव्ह’ दाबतो. पहिली नोंद खरं तर पोहोचलेली असते. फक्त पोचपावती परत आलेली नसते. दुसऱ्यांदा दाबल्यावर तेच बिल पुन्हा आत जातं. इथे खतावणीही फसते, कारण तिच्या लेखी माल दोनदा आला.

असल्या दोषाची किंमत किती मोठी असू शकते याचा एक नमुना जगापुढे आहे. ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं १९९९पासून ‘होरायझन’ ही हिशोबाची संगणक प्रणाली शाखांमध्ये बसवली. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथल्या शाखेत ८,००० पौंडांची रोकड आत घेताना पडदा पुढे सरकेना, म्हणून बाईंनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं आणि तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली. कागदावर २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. त्या प्रकरणातली चूक उलगडली. पण त्याआधीच्या वर्षांत या प्रणालीनं दाखवलेल्या तुटींवरून शेकडो शाखाचालकांवर चोरीचे आणि खोट्या हिशोबाचे खटले चालले होते आणि काही जण तुरुंगातही गेले होते. २०१९च्या डिसेंबरात तिथल्या उच्च न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले. प्रणाली सांभाळणाऱ्यांकडे ज्ञात चुकांची एक नोंदवही होती. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला मात्र ती बघायला मिळत नव्हती.

आमच्याकडे तुरुंगाची वेळ येणार नव्हती. पण गोदामात १०० स्ट्रिप कमी भरल्या की पहिली नजर मदतनिसाकडे वळते, हे मी पाहिलं होतं. म्हणून या दोषाखाली लिहिलं: असा फरक आला तर माणसाला विचारण्याआधी तोच पुरवठादार आणि तोच बिल नंबर दोनदा आहे का ते बघ. आणि ही ओळ फक्त तुझ्यासाठी नाही, ती छापून मालकांच्या टेबलावर लाव.

यावर अर्धा उपाय झालेला आहे. पडद्यावरचा फॉर्म एकच बिल दुसऱ्यांदा भरलं तर टोकतो. पण ती तपासणी फक्त फॉर्ममध्ये आहे, डेटाबेसमध्ये नाही. दोन विनंत्या पाठोपाठ आल्या तर दोन्ही सुटतात. डेटाबेसमध्येच अट घालायची असेल, तर पुरवठादार आणि बिल नंबर ही जोडी पुरत नाही. १ एप्रिलला बरेच पुरवठादार बिलांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू करतात. जोडीत आर्थिक वर्षही घ्यावं लागेल, नाहीतर एप्रिलमध्ये खरी बिलंच नाकारली जातील.

अर्धवट म्हणजे कुठवर

दोषांपेक्षा अर्धवट राहिलेलं काम सांगणं अवघड असतं. दोष निदान कुठेतरी टोचतो. ‘रिटर्नचं काम सत्तर टक्के झालं आहे,’ असं मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. हे वाक्य वाचून पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. सत्तर टक्के बांधलेल्या पुलावरून सत्तर टक्के माणसं पलीकडे जात नाहीत.

नव्या टिपणात टक्के काढून टाकले. प्रत्येक अर्ध्या कामासाठी एकच प्रश्न विचारला: बटण दाबल्यावर कुठपर्यंत खरं घडतं आणि कुठून पुढे नुसता देखावा आहे?

केमिस्टकडून मुदत संपलेला किंवा फुटका माल परत येतो. स्टॉकिस्ट त्याला क्रेडिट नोट देतो, माल वेगळा ठेवतो आणि कंपनीकडे पाठवून तिच्याकडून भरपाई घेतो. आमच्या पडद्यावर ‘रिटर्न’ असं बटण आहे. ते दाबलं की क्रेडिट नोट बरोबर निघते आणि केमिस्टच्या खात्यावर जमा होते. इथपर्यंत खरं आहे. यानंतर माल ‘खराब साठा’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात नोंदला जायला हवा. तो नोंदला जात नाही. त्याजागी कोडमध्ये मी लिहिलेली एक टीप आहे, ‘हे नंतर करायचं’. पडद्यावर तरीही हिरव्या अक्षरांत ‘रिटर्न पूर्ण’ असं येतं.

मग तो माल कुठे जातो? मामांच्या लाल वहीत. परत आलेला प्रत्येक डबा, केमिस्टचं गाव, बॅच आणि नग, सगळं त्या वहीत हातानं लिहिलेलं आहे. कंपनीकडे भरपाईचा दावा जातो तो वहीवरून. टिपणात मी लिहिलं, की खराब साठ्याचा आकडा संगणकात शून्य दिसतो तो खरा नाही, आणि हे काम पुरं करशील त्या दिवशी सुरुवातीची शिल्लक लाल वहीतून घे. वही नसती तर कंपनीकडून येणं किती, हेच कुणाला सांगता आलं नसतं.

दुसरं एक अर्धं काम कबूल करायला जरा जड गेलं. खतावणी आणि पडदा यांचा ताळा घेणारा एक छोटा प्रोग्राम आहे. तो दर शनिवारी रात्री चालतो, असं मालकांना वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे आणि दर शनिवारी मी तो हातानं चालवतो. निघालेले फरक बघतो, त्यातले सकाळच्या कच्च्या आवकेचे सोडून देतो आणि उरलेले दुरुस्त करतो. मी गेलो की हा ताळा बंद पडणार होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. फरक हळूहळू साचत गेले असते. म्हणजे मामा तारीख पुढे ढकलून जे करत होते, तेच मीही करत होतो. प्रोग्रामच्या उणिवेवर माणसाचं ठिगळ, आणि कागदावर कुठेच नोंद नाही.

पासवर्ड टिपणात लिहिले नाहीत. ते कुठे ठेवले आहेत आणि कोणाच्या परवानगीनं मिळतील, एवढंच लिहिलं. कोणत्या खात्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो तेही लिहिलं, आणि जाण्यापूर्वी ते नंबर बदलून घेतले.

गप्प बसण्याची परीक्षा

टिपण पुरं झालं हे ठरवायचं कसं? मी तिला शनिवारी संध्याकाळी बोलावलं आणि सांगितलं, “हा कागद घे, ताळा तू काढ. मी शेजारी बसतो, पण बोलणार नाही.”

ती तीन ठिकाणी अडली. पहिल्यांदा, प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून चालवायचा ते मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा, प्रोग्रामनं एकोणीस फरक दाखवले आणि टिपणात लिहिलं होतं, ‘नेहमीचे फरक सोडून दे.’ तिनं माझ्याकडे पाहिलं. नेहमीचे म्हणजे कुठले, ते माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. मी तिथेच लिहून दिलं: ज्या बॅचची शिल्लक उणे आहे आणि जिची आवक त्याच दिवशी पुढे नोंदली गेली आहे, ती सोड, बाकी एकही सोडू नकोस. असे अकरा निघाले, आठ उरले.

तिसऱ्यांदा ती अडली ती त्या आठांपैकी एका बॅचवर. खतावणी आणि पडदा यांत ४ स्ट्रिपचा फरक होता, पण एकाच सेकंदाची दोन बिलं सापडत नव्हती. मला गप्प राहणं कठीण झालं, कारण उत्तर मलाही येत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. महिन्यापूर्वी मीच एकदा थेट डेटाबेसमध्ये शिरून शिल्लक सुधारली होती आणि खतावणीत ओळ घालायला विसरलो होतो. टिपणात पंधरावा दोष लिहिला गेला: ‘मी हातानं केलेल्या दुरुस्त्या. या एवढ्या आठवतात, आणखी असू शकतात.’

मी गेल्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी, तिनं एक्स्पायरीचं काम केलं. टिपणात लिहिलेल्या क्रमानं, बिलिंग बंद ठेवून. फायलीतल्या बिलांवरून नोंदी जुळवल्या, उरलेले डबे मामांनी रॅकवर उभं राहून वाचून दाखवले आणि संध्याकाळी नवा कोड सुरू झाला. तिनं रात्री फोन करून सांगितलं, की सगळं झाल्यावर मामा बराच वेळ पडद्यापुढे उभे होते. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे उद्यापासून डब्यावर छापलंय तेच लिहायचं ना?”

“होय मामा, तेच.”

“मग हे आधीच सांगायचं होतं,” मामा म्हणाले.